मामांचं जीमेल : नंबर गेला, जुना ईमेलही गेला, तेव्हा काय केलं

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा फोन आला. "पप्पांचं जीमेल उघडत नाही. नऊ-दहा वेळा करून बघितलं. आता तर ते पान नंतर या म्हणून सांगतंय. तू जरा पुण्याला येशील का?"

माझं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे असले फोन घरच्यांचे आणि गिऱ्हाइकांचे सारखेच येतात. मी तिला दोनच प्रश्न विचारले. मामांचा सांगलीतला कॉम्प्युटर अजून जागेवर आहे का? आणि त्यांनी जुना मोबाईल काय केला? कॉम्प्युटर जागेवर होता, पांघरूण घालून. जुना मोबाईल दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये दिला होता, आणि तोही सगळा पुसून.

"मग मी येत नाही," मी म्हणालो, "मामांनाच इकडे घेऊन ये. आणि तोवर कुणीही त्या खात्याला हात लावायचा नाही. जावईबापूंनीसुद्धा."

घडलं होतं ते असं. मामा सांगलीतल्या एका सहकारी बँकेतून २०२० साली निवृत्त झाले. जीमेलचं खातं त्यांनी नोकरीत असतानाच काढलं होतं, आणि खातं अडकलं तर सोडवायला म्हणून दोन पत्ते दिले होते. एक त्यांचा मोबाईल नंबर, दुसरा बँकेतला ऑफिसचा ईमेल. मामी गेल्यावर ते एकटेच होते. जानेवारी २०२५ मध्ये ते पुण्याला लेकीकडे राहायला गेले. तिथे जावयांनी आपल्या प्लॅनमध्ये त्यांना नवीन नंबर घेऊन दिला. जुनं सिम जुन्या मोबाईलमध्येच राहिलं आणि त्यावर पुन्हा रिचार्ज झालं नाही. मोबाईल मात्र वाय-फायवर व्यवस्थित चालत होता. जीमेल उघडत होतं, फोटो दिसत होते. त्यामुळे काही बिघडलंय याची शंका यायचं कारणच नव्हतं. दिवाळीत नवा मोबाईल घेतला, जुना दुकानदाराने समोरच रिसेट केला, आणि नव्या मोबाईलने पासवर्ड विचारला. तो मामांना आठवेना.

`Forgot password?` दाबलं की गूगल कोड पाठवायला तयार होतं, शेवटचे दोन आकडे दाखवून. ते आकडे बंद पडलेल्या सिमचे. `Try another way` दाबलं की मधली अक्षरं झाकलेला ईमेल यायचा. तो बँकेचा, पाच वर्षांपूर्वी बंद झालेला. ताई आणि जावई मिळून लॅपटॉपवरून, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, नव्या मोबाईलवरून हेच पुन्हा पुन्हा करत होते.

आधी दोन्ही मेलेल्या वाटा खरंच मेल्यात का ते पाहिलं

नंबर गेला असं लोक म्हणतात, तेव्हा तो बहुतेक वेळा नुसता बंद असतो. रिचार्ज संपलेलं सिम आणि कंपनीने काढून घेतलेला नंबर यांत फरक आहे. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही आणि त्यावर वीस रुपयेही शिल्लक नसतील तर कंपनी तो बंद करू शकते. त्या मुदतीच्या आत असाल तर आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं, त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं आणि प्रकरण अर्ध्या तासात मिटवायचं. म्हणून सगळ्यात आधी मी माझ्या फोनवरून मामांचा जुना नंबर लावला. 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं असतं तर थोडी आशा होती.

रिंग वाजली. एका तरुण मुलाने उचलला.

म्हणजे नंबर दुसऱ्याला मिळालेला होता. बंद केलेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, असं दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. जानेवारीअखेर रिचार्ज संपलं, वसंतात नंबर बंद झाला, आणि गणपतीच्या आसपास तो नव्या माणसाकडे गेला असणार. हिशेब बरोबर जुळत होता.

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या मुलाला सरळ म्हणाले, "बाळ, तुझ्या मोबाईलवर एक कोड येईल, तेवढा मला सांग." तो म्हणाला, "काका, असले फोन मला रोज येतात," आणि ठेवून दिला. मामा नाराज झाले. मला मात्र तो पोरगा शहाणा वाटला. अनोळखी माणसाला कोड सांगू नये हे बँकेत मामाच लोकांना समजावत असत. शिवाय या प्रसंगाची दुसरी बाजू मला जास्त टोचत होती. तो कोड जर त्या मुलाच्या मोबाईलवर जात असेल, तर मामांच्या खात्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्या खिशात होती. त्याला ते माहीत नव्हतं एवढंच.

ईमेलच्या बाबतीत खरा प्रश्न असतो तो डोमेनचा, म्हणजे @ च्या पुढच्या भागाचा. तो ज्याच्या ताब्यात, त्याला तो पत्ता पुन्हा जिवंत करता येतो. कॉलेजचा किंवा जुन्या कंपनीचा ईमेल असेल तर तिथल्या आयटीवाल्याला विनंती करून पत्ता तासाभरासाठी उघडून घेतल्याची उदाहरणं माझ्याच गिऱ्हाइकांत आहेत. म्हणून मामांना बँकेत पाठवलं. ओळखीचाच अधिकारी होता. त्याने चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. निवृत्त माणसाचा आयडी उघडला तर उद्या ऑडिटला काय सांगायचं? त्यात रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलं संकेतस्थळ `.bank.in` वर न्यायचं होतं. जुन्या डोमेनवरचे पत्ते नोकरीत असलेल्यांपुरतेच नव्याकडे वळवले होते. माणूस बरोबर बोलत होता, त्यामुळे आग्रह केला नाही.

दोन्ही वाटा खरोखरच बंद होत्या.

गूगलला मामा कोण ते कसं कळणार

इथे मामांनी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक जण विचारतो. "अरे, माझ्याकडे आधार आहे, पॅन आहे, पेन्शनचं पुस्तक आहे. ते पाठवू ना. त्यांचं एखादं ऑफिस असेल."

पण खातं काढताना मामांनी आधार दाखवलं होतं का? नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, झालं. ते नाव खरं की खोटं हे तेव्हा कुणी पाहिलं नाही, त्यामुळे आता आधारवरचं नाव त्याच्याशी जुळलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. त्याच नावाचे आणखी दहा लोक सांगली जिल्ह्यातच निघतील. बँक मामांना कागदपत्रांवरून आणि चेहऱ्यावरून ओळखते. गूगल त्यांना ओळखतं ते सवयींवरून. कुठलं यंत्र, त्यावरचं कुठलं ब्राउझर, कुठल्या गावातलं आणि कुठल्या घरातलं इंटरनेट, आणि पूर्वी कधीतरी खरोखर चालत असलेला पासवर्ड. यातल्या कशाला किती वजन देतात हे ते उघड करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परिचयाचं यंत्र, परिचयाचं ब्राउझर आणि नेहमीची जागा वापरा, एवढं मात्र त्यांच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. लोक ते वाक्य वाचतात आणि पुढे जातात. माझ्या मते त्या पानावरचं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे.

फोनवर माणूस बसवला तर काय होतं, याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मॅट होनन हा अमेरिकन पत्रकार. ऑगस्ट २०१२ मध्ये चोरांनी आधी ॲमेझॉनला फोन करून त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळवले. मग ॲपलच्या मदत केंद्राला फोन करून ते चार आकडे आणि घरचा पत्ता सांगितला, आणि तिथल्या माणसाने त्यांना आत सोडलं. ॲपलचा ईमेल हाती आला, तोच जीमेलचा पर्यायी पत्ता होता, म्हणून जीमेलही गेलं. फोन, आयपॅड, लॅपटॉप सगळं पुसलं गेलं. मुलीचे फोटोसुद्धा. फोनवर आर्जवं करणारा खरा मालक आणि आर्जवं करणारा चोर दोघे सारखेच ऐकू येतात. म्हणून गूगलच्या फुकटच्या खात्यांसाठी फोनवर खातं सोडवून देणारा कुणी नाही. इंटरनेटवर शोधलं की जे 'कस्टमर केअर' नंबर निघतात ते सगळे भामट्यांचे. ताईने असा एक लावलाही होता. पलीकडच्या माणसाने स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगितलं तेव्हा तिने शहाणपणा करून फोन ठेवला.

तर मामांची ओळख पुण्यात नव्हतीच. पुण्यातला लॅपटॉप, जावयांचं ऑफिस, नवा मोबाईल, नवा नंबर यांतलं काहीही त्या खात्याने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. तिथून केलेला प्रत्येक प्रयत्न चोराच्या प्रयत्नासारखाच दिसत होता, आणि दहा वेळा केल्यावर तर जास्तच.

बंद घरातला कॉम्प्युटर

मामा आले त्या दिवशी आम्ही खात्याला हात लावला नाही. शेवटचा प्रयत्न होऊन तीनच दिवस झाले होते, आणि वरचेवर प्रयत्न केले की गूगल काही काळ दारच लावून घेतं. घाई करायचं कारणही नव्हतं. न वापरलेली खाती गूगल काढून टाकतं ती दोन वर्षांनी, आणि मामांचं खातं ऑक्टोबरपर्यंत चालू होतं.

मी फक्त कॉम्प्युटर सुरू केला. त्यातही दोन गोष्टी जपल्या. एक म्हणजे त्यावर काहीही साफसफाई केली नाही. आमच्या धंद्यात मशीन हातात आलं की आधी टेम्परवारी फाइल, कुकी, हिस्ट्री सगळं उडवायची सवय असते. गिऱ्हाईकही खूश होतं, मशीन वेगाने चालतं. इथे तसं केलं असतं तर गूगलला ते ब्राउझर ओळखीचं वाटायला जी खूण लागते तीच पुसली गेली असती. ती खूण कुकीत असते, आणि क्रोममध्ये कुठलीही कुकी जास्तीत जास्त ४०० दिवस टिकते. मामांनी घर सोडून दहा महिने झाले होते. अजून चारेक महिने गेले असते तर हा कॉम्प्युटरही परका झाला असता.

दुसरं म्हणजे इंटरनेट. मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट देणार होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू म्हणाले की मामांचं कनेक्शन त्यांनीच चालू ठेवलंय, राउटर तोच, बिल तेच भरतात. म्हणजे तेच घर, तीच लाइन. याहून चांगलं काही मागता आलं नसतं.

क्रोम उघडलं. वरच्या कोपऱ्यात मामांचा गोल फोटो आणि त्याशेजारी `Paused`. याचा अर्थ हे ब्राउझर पूर्वी या खात्यात होतं, पण नंतर कधीतरी बाहेर पडलं. असं बहुधा दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलला की होतं. मामांना विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, "हो, एकदा मोबाईलवर बदलला होता खरा. कुठलासा मेसेज आला होता, म्हणून."

खातं बाहेर पडलेलं असलं तरी ब्राउझरने जतन केलेले पासवर्ड त्या मशीनवर राहतात. पत्त्याच्या पट्टीत हे टाकलं:

```
chrome://password-manager/passwords
```

विंडोजचा पिन विचारला, तो मामांना पाठ होता. यादीत गूगलचा पासवर्ड सापडला. मामा खुर्चीतून उठलेच. "हाच! हाच तो!"

तो तो नव्हता.

माझी चूक

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, मी पहिला प्रयत्न केला. `g.co/recover` उघडलं, ईमेल टाकला. आठवतो तो शेवटचा पासवर्ड विचारल्यावर क्रोममध्ये सापडलेला टाकला. मग फोन नंबर आला, `Try another way`. बँकेचा ईमेल आला, पुन्हा `Try another way`. आणि उत्तर आलं की हे खातं तुमचं आहे याची खात्री पटली नाही.

मी घाई केली होती. हातात पासवर्ड सापडला म्हणजे तोच असणार असं धरून चाललो. तो किती जुना आहे हे तपासायचा एक सोपा उपाय होता आणि तो मला माहीतही होता. नेहमीच्या साइन-इनच्या पानावर पासवर्ड चुकीचा टाकला तर `Wrong password` असं येतं. पण पूर्वी कधीतरी खरोखर चालत असलेला पासवर्ड टाकला, तर बदलून किती काळ झाला हे गूगल सांगतं. दोन्ही वेळेला दार बंदच राहतं. पण दुसऱ्या उत्तराने कळतं की आपली आठवण खरी आहे. अंधारात चाचपडताना भिंत लागावी तसा तो उपयोग.

तेव्हा तपासलं असतं तर कळलं असतं की क्रोममधल्या पासवर्डवर नुसतंच `Wrong password` येतंय. ते कोडं नंतर सुटलं. क्रोमने जपून ठेवलेला तो पासवर्ड मामांनी पहिल्या दिवशी टाइप करताना शेवटचं अक्षर विसरून टाकलेला होता. क्रोमने 'जतन करू का' विचारलं आणि मामांनी हो म्हटलं. चुकलेला पासवर्डसुद्धा असा जतन होतो.

मग डायरी काढली. एका विमा कंपनीची २०२१ ची डायरी, मागच्या पानावर मामांचं बँकेतलं टपोरं अक्षर. गॅसचा ग्राहक क्रमांक, लाइटबिल, आणि खाली 'जीमेल' लिहून एक पासवर्ड, त्यावर आडवी रेघ. रेघेखाली एवढंच: 'तोच, शेवटी २१'.

वरचा पासवर्ड वाचणं हेच काम होऊन बसलं. तेलाचा डाग पडला होता. पहिलं अक्षर मोठं की लहान? मधलं ते एक, की लहान एल? इथे क्रोममधला अर्धवट पासवर्ड उपयोगाला आला. तो डायरीच्या शेजारी धरला तर पहिली सगळी अक्षरं जुळली, आणि शेवटी राहिलेलं एक चिन्ह डागाखालून # असं वाचता आलं. त्यापुढे इंग्रजी आकड्यांत 21.

साइन-इनच्या पानावर हा जोडून तयार केलेला पासवर्ड मी एकदाच टाकला. उत्तर आलं:

```
Your password was changed 2 years ago
```

मामांना वाटलं पुन्हा फसलो. मी मात्र खुर्चीत निवांत मागे टेकलो. आता आमच्याकडे खरा, जुना पासवर्ड होता. तो बदलल्याचा काळ मामांनी सांगितलेल्या मोबाईलच्या गोष्टीशी जुळत होता. ताजा पासवर्ड सापडण्याची आशा मी तिथेच सोडली. मामांना तो आठवण्यासारखा नव्हता, कारण गेली दोन वर्षं मोबाईलने तो कधी विचारलाच नव्हता.

दुसरा प्रयत्न

तीन दिवस थांबलो. मंगळवारी सकाळी दहाला बसलो. मामा रोज पूजा आटोपून याच वेळी कॉम्प्युटरवर बसत. ही वेळ पाळण्याला माझ्याकडे काही पुरावा नाही, पण खर्च शून्य होता.

पुन्हा तेच पान. शेवटचा आठवणारा पासवर्ड म्हणून डायरीतला टाकला. नंबर आला, वगळला. बँकेचा ईमेल आला, वगळला. या वेळी मात्र पुढे एक नवा प्रश्न आला. तुमच्याशी संपर्क करता येईल असा दुसरा कुठलाही ईमेल द्या. ताईचा दिला. तिच्याकडे सहा आकडी कोड आला, तो टाकला. मग पान म्हणालं की आमची खातरजमा चालू आहे, ४८ तासांनी त्या पत्त्यावर दुवा पाठवू.

हे ४८ तास कशासाठी असतात ते मामांना सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. त्या काळात खातं जिथे जिथे उघडं असेल तिथे गूगल सूचना पाठवतं, की कुणीतरी खातं सोडवायचा प्रयत्न करतंय. खरा मालक दुसरा कुणी असेल तर त्याला ते थांबवायला वेळ मिळतो. आमच्या बाबतीत कुठेच उघडं नव्हतं, त्यामुळे थांबवणारं कुणी नव्हतं. आम्ही मध्ये दुसरा प्रयत्न केला नाही, कॉम्प्युटरही तसाच ठेवला.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. मेल आली होती, स्पॅममध्ये. दुवा मी तिला तिथे उघडू दिला नाही. मला पाठवायला लावला आणि सांगलीच्या त्याच क्रोममध्ये उघडला. नवा पासवर्ड टाकायची दोन खणं आली.

सगळ्यांना हेच पान, याच क्रमाने दिसेल असं मी म्हणणार नाही. खात्यागणिक प्रश्न बदलतात. मामांच्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली नव्हती, ते इथे पथ्यावर पडलं. ती असती तर छापून ठेवलेले बॅकअप कोड नसताना हे काम कितीतरी अवघड झालं असतं. आणि कॉम्प्युटर भंगारात गेला असता, डायरी फेकली असती, तर माझ्या हाती काहीच नव्हतं. त्या तयारीत मी दुसरी यादी करून ठेवली होती. म्युच्युअल फंड, पेन्शनची बँक, विमा. या सगळ्यांकडे मामांची केवायसी आहे, तिथे सही करून ईमेल बदलता येतो. मामींचे फोटो तेवढे गेले असते.

जुना मोबाईल पुसला नसता तर यातलं काहीच लागलं नसतं, हेही सांगायला हवं. ज्या मोबाईलवर खातं उघडं आहे त्याचं स्क्रीन लॉक माहीत असलं की पासवर्ड विसरला तरी तिथूनच नवा ठेवायची वाट बहुतेक वेळा मिळते. स्क्रीन फुटली म्हणून मोबाईल एक्स्चेंजला देणाऱ्यांना मी हल्ली आधी विचारतो, जीमेलचा पासवर्ड सांगा बघू. दहातले सात गप्प होतात.

आत गेल्यावर

पहिलं काम जुना नंबर काढायचं. तो एका ठिकाणी नसतो. खातं सोडवण्याचा फोन म्हणून एकदा, वैयक्तिक माहितीत एकदा, असा दोन-तीन जागी बसलेला असतो, आणि एका जागचा काढला तरी दुसरा राहतो. काढल्यानंतरसुद्धा पुढचे सात दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. हे चोराने नंबर बदलला तर मालकाला संधी मिळावी म्हणून आहे. आमच्यासाठी मात्र ते सात दिवस त्या मुलाच्या खिशातले होते.

मग नवा नंबर, ताईचा ईमेल. नव्या मोबाईलवर पासवर्डऐवजी मामांच्या बोटाच्या ठशावर चालणारी पासकी. दोन टप्प्यांची पडताळणी लावली ती बॅकअप कोड छापल्यावरच. आठ आकड्यांचे दहा कोड असतात, प्रत्येक एकदाच चालतो. तो कागद कपाटात मामींच्या दागिन्यांच्या पावत्यांबरोबर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विश्वासातली माणसं नेमायची सोय आणली आहे. तिथे ताईचं आणि माझं नाव घातलं. खातं अडकलं तर त्या माणसाला आपल्या मोबाईलवर मामांच्या पडद्यावरचा आकडा ओळखून दाखवावा लागतो. त्याला मामांच्या खात्यात काही दिसत नाही, हे मामांना दोनदा सांगावं लागलं.

सगळं झाल्यावर मामांनी फोटो उघडले. २०१९ चा नरसोबाच्या वाडीचा एक फोटो मोठा करून बराच वेळ पाहत बसले. मी चहा करायला आत गेलो.

परत आलो तर त्यांचा फोन वाजत होता. आदल्या आठवड्यात मामांनी पुन्हा एकदा त्या मुलाला लावून 'राहू दे बाळ, कोड नको आता' म्हणून नवा नंबर दिला होता, हे मला माहीतच नव्हतं. तोच होता. "काका, तुम्ही तेच ना, कोडवाले? बँकेचे मेसेज येतायत माझ्याकडे. पेन्शन जमा झाल्याचा आलाय आत्ता, रक्कम पण आहे."

मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. दुपारचे सव्वातीन वाजले होते. आधार, पासबुक आणि नंबर बदलायचा अर्ज घेऊन आम्ही पावणेचारला शाखेत होतो.